कपाट घेण्याआधी

डोंबिवली,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय विजय,

तुझं पत्र गौरीच्या जेवणाच्या दिवशी हाती पडलं. घरात माणसांची गर्दी होती, त्यामुळे वरवर चाळून ठेवलं. विसर्जन झालं, मखर माळ्यावर गेलं आणि मग निवांत दोनदा वाचलं. वार्षिक सभेने चाळीस हजार मंजूर केले, व्यायामशाळेला लागून असलेली खोली मिळाली, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या मुहूर्तावर ग्रंथालयाचं उद्घाटन करायचं, आणि त्यासाठी लोखंडी कपाटं कुठली घ्यावीत, हे तू मला विचारतो आहेस. माझं उत्तर असं की कपाट एकही घेऊ नकोस. ते चाळीस हजार पुढच्या जूनपर्यंत आहेत तिथेच राहू देत. आमच्या सोसायटीत आम्ही आधी कपाट घेतलं होतं. त्याचं काय झालं आणि नंतर काय केल्यावर पुस्तकं हलू लागली, ते तुला नीट सांगतो.

आमच्या तीन विंग, प्रत्येकीत चोवीस, अशी बहात्तर घरं. नियमित वाचणारी घरं त्यात सात-आठ असतील. तीन वर्षांपूर्वी सूचनाफलकावर आवाहन लावलं की घरातली जुनी पुस्तकं द्या, सोसायटीचं वाचनालय करू. पंधरा दिवसांत तीनशे चाळीस पुस्तकं जमली आणि आम्ही फार खूश झालो. नंतर ती उघडून बघितली. दहावी-बारावीची गाईडं, अभियांत्रिकी प्रवेशाच्या जाडजूड प्रश्नपेढ्या, संगणकाची कालबाह्य पुस्तकं, कोशाचे सुटे खंड, कुणाच्या तरी निवृत्ती समारंभात मिळालेली आणि एकदाही न उघडलेली पुस्तकं. लोकांनी वाईट हेतूने दिली नव्हती. आवाहनात आम्ही 'जुनी' म्हटलं होतं, त्यांनी जुनी दिली.

कपाट पहिल्या मजल्यावरच्या क्लबहाउसमध्ये ठेवलं. त्याला कुलूप, किल्ली एका सदस्याकडे, संध्याकाळी सहा ते आठ अशी वेळ, आणि नोंदवही. सहा महिन्यांनी वही बघितली तर तिच्यात अकरा नोंदी होत्या, आणि त्यातल्या नऊ अशा तिघांच्या की जे एरवीही विकत घेऊन वाचतातच. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि खालच्या दोन खणांना कसर लागली. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण आज कारण स्पष्ट दिसतं. न वाचणाऱ्या माणसाला पुस्तक घरी येण्याआधी चार गोष्टी कराव्या लागत होत्या. वेळ लक्षात ठेवायची, जिना चढायचा, किल्लीवाल्याला गाठायचं, आणि तीनशे चाळिसांतून एक निवडायचं. यातली शेवटची सगळ्यात जड. ज्याला सवय नाही त्याला निवडता येत नाही, आणि कपाटासमोर उभं राहून आपल्याला काही कळत नाही हे चारचौघांत दाखवायला कुणालाच आवडत नाही.

मग गेल्या वर्षी आम्ही उलटं केलं. निवडायचं काही नाही, जायचं कुठे नाही. वाचायचं ते दर रविवारी आपणहून दाराच्या कडीला येऊन लटकेल. आणि ते पुस्तक नव्हतं, दिवाळी अंक होता.

दिवाळी अंक का, हे तुला समजावून सांगायची गरज नसावी. आपल्या दोघांच्या घरी फराळाच्या डब्याशेजारी अंक असायचाच. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळीचा खास अंक काढला तेव्हापासून मराठी घराला ही सवय आहे, आणि ज्यांची सुटली त्यांनाही ती आठवते. पुस्तक म्हटलं की मागे सरकणारा माणूस अंक सहज हातात घेतो. त्यात व्यंगचित्रं आहेत, राशिभविष्य आहे, कुठेही उघडावं आणि पाच पानांत संपावं असं काही ना काही असतं. अर्धवट ठेवला तरी मनाला खात नाही.

आता कसं केलं ते सांगतो. प्रत्येक विंगमधून आठ, अशी चोवीस घरं तयार झाली. दारोदार जाऊन विचारलं, फलकावर लावलं नाही. विचारताना 'तुम्ही वाचता का' हा प्रश्न कटाक्षाने टाळला. 'तीनशे रुपयांत चोवीस दिवाळी अंक घरपोच येतील, घेता का' एवढंच म्हटलं. एका अंकाचीच किंमत हल्ली तीनशेच्या घरात असते, त्यामुळे हिशेब लोकांना लगेच पटला. सात हजार दोनशे जमले. ओळखीच्या विक्रेत्याकडून चोवीस वेगवेगळे अंक एकगठ्ठा घेतले म्हणून सवलत मिळाली आणि साडेसहा हजारांत भागलं. उरलेल्या सातशेत चोवीस कापडी पिशव्या आणि जाड प्लॅस्टिकची कव्हरं. अंकांचे तीन संच केले, आठ-आठांचे, आणि प्रत्येक संचात सगळं थोडं थोडं येईल असं बघितलं. दोन विनोदी, एक पाककृती-आरोग्याचा, एक प्रवासाचा, एक मुलांचा, एक भविष्याचा, दोन गंभीर साहित्याचे. ही वाटणी महत्त्वाची आहे. सगळे जड अंक एकाच विंगकडे गेले असते, तर ती विंग तिसऱ्या आठवड्यातच गळली असती.

एका पिशवीत एक अंक, एका घरी एक आठवडा. रविवारी सकाळी अकराच्या आत आपल्याकडची पिशवी पुढच्या घराच्या कडीला अडकवायची. पुढचं घर कायम तेच. म्हणजे ए-७०२ ने नेहमी ए-६०१ लाच द्यायची, वरून खाली असं येत येत शेवटच्या घराने पुन्हा वर न्यायची. पिशवीवर नुसता क्रमांक, कुणाला द्यायची ते प्रत्येकाला एकदाच सांगितलेलं, यादी बघायची गरज नाही. आठ आठवड्यांत विंगचा संच फिरून झाला की सगळा संच शेजारच्या विंगमध्ये, ए चा बी ला, बी चा सी ला, सी चा ए ला. असे तीन फेरे, चोवीस आठवडे. तुळशीचं लग्न झाल्यावरच्या रविवारी, १७ नोव्हेंबरला, सुरुवात केली. उशिरा निघणारे अंक तोवर हातात येतात. मार्चमध्ये परीक्षांसाठी दोन आठवडे थांबलो आणि मेच्या मध्यावर संपवलं.

सगळ्यांत कामाचा ठरला तो एक नियम, आणि त्यावर आमच्यात वादही झाला. न वाचता पुढे दिली तरी चालेल, पण रविवारी पुढे गेलीच पाहिजे. आमच्या एका सदस्याला हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, वाचून झाल्यावर द्यावी, नाहीतर अर्थ काय. पण 'वाचून झाल्यावर' म्हटलं की पिशवी अडकते. घरी ठेवणाऱ्याला अपराधी वाटायला लागतं, आणि तसं वाटलं की माणूस त्या गोष्टीकडे बघायचंच टाळतो. ठरलेला वार असला की न वाचण्यात लाज राहत नाही, आणि पुढच्या रविवारी नवा अंक येतो. दोन आठवडे न उघडता पुढे दिलेले लोक तिसऱ्या आठवड्यात उघडताना मी पाहिले आहेत.

अडचणी आल्याच. तिसऱ्या रविवारी बी विंगमधलं एक कुटुंब लग्नासाठी गावी गेलं. त्यांच्या कडीला पिशव्या साठत गेल्या आणि त्यांच्या खालच्या घराला दोन आठवडे काही मिळालं नाही. साखळी तुटल्याची खूण हीच, एका दारावर दोन पिशव्या आणि पुढचं दार रिकामं. तक्रार कुणी करत नाही रे. पिशवी आली नाही तर लोकांना वाटतं योजना बंद पडली, आणि ते आपल्याकडचीही पुढे देत नाहीत. म्हणून दोन गोष्टी केल्या. कुलूप असेल तर ते घर ओलांडून पुढच्याला द्यायची. आणि प्रत्येक विंगमध्ये सातवी-आठवीतली दोन मुलं नेमली, त्यांनी रविवारी संध्याकाळी जिन्याने उतरत आठ दारांवर आठ पिशव्या आहेत का ते बघायचं. मोठ्यांना हे काम दिलं असतं तर दुसऱ्या महिन्यात विसरले असते. मुलांनी एकही रविवार चुकवला नाही. विंग आठ-आठांच्या वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून बी मधला गोंधळ ए आणि सी मध्ये गेला नाही. चोवीस घरांची एकच लांब साखळी केली असती तर सगळंच थांबलं असतं. तुझ्याकडे पाच इमारती आहेत, तिथे तर हे नक्की पाळ.

दर अंकाच्या मागच्या पानावर आम्ही एक कोरा कागद चिकटवला होता. त्यावर घरक्रमांक आणि जे वाचलं त्याचा पान क्रमांक, बस. अभिप्राय नाही, तारे नाहीत. अभिप्राय मागितला की लोकांना निबंध लिहायचा आहे असं वाटतं. शेवटी ते सगळे कागद काढून मी आणि हिने जेवणाच्या टेबलावर पसरले आणि एकेक पान उघडून बघितलं की तिथे काय छापलं होतं. विजय, सोसायटीत खरोखर काय वाचलं जातं हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. भविष्य आणि व्यंगचित्रं सगळीकडे, ते अपेक्षित होतं. पण त्याखालोखाल अनुभवकथनं. आजारातून उठलेल्या माणसाने लिहिलेलं, गावातलं घर सोडून आलेल्याने लिहिलेलं, आईवर, शिक्षकांवर लिहिलेली व्यक्तिचित्रं. आणि बहुतेक सगळं सहा-सात पानांच्या आतलं. वीस पानांची दीर्घकथा चौघीजणींनी वाचली होती आणि त्या चौघी दर अंकात दीर्घकथाच शोधत होत्या. कविता जवळपास कुणी नाही.

सहा घरांनी चोवीस आठवड्यांत एकही आकडा लिहिला नव्हता. मी धरून चाललो होतो की ही घरं वाचत नाहीत. नंतर त्यातल्या एका घरातल्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या आणि कोकणातल्या एका लेखाबद्दल दहा मिनिटं बोलल्या. त्यांचा हात थरथरतो, त्या लिहीत नाहीत. तेव्हा नोंद नाही म्हणजे वाचन नाही असं समजू नकोस. कागद आवड कळण्यासाठी आहे, हजेरी घेण्यासाठी नाही.

आणखी एक वाचक आम्हाला न ठरवता मिळाला. आमचे रात्रपाळीचे रखवालदार परभणीकडचे आहेत. फेरीच्या मुलांना त्यांनी विचारलं की हे काय वाटता, आणि दुसऱ्या विंगला जाणारा संच दोन रात्री केबिनमध्ये ठेवाल का. तेव्हापासून प्रत्येक संच बदलताना दोन रात्री त्यांच्याकडे असायचा. त्यांनी कागदावर घरक्रमांकाच्या जागी 'गेट' असं लिहिलं आहे, आणि चारही दीर्घकथावाल्यांपेक्षा त्यांचे पान क्रमांक जास्त आहेत.

आता पुस्तकं. जूनमध्ये त्या कागदांवरून आम्ही तीस पुस्तकं घेतली, सगळी अशी की ज्यात लहान लहान पुरे होणारे लेख आहेत, ललित, व्यक्तिचित्रं, प्रवास, अनुभव, आणि त्या चौघींसाठी पाच-सहा कादंबऱ्या. जुन्या तीनशे चाळिसांतली छाटून सेहेचाळीस ठेवली, बाकीची रद्दीत घातली. छाटताना जीव जड होतो, पण ती ठेवली तर चांगली सेहेचाळीस त्यांच्यात दिसतच नाहीत. तेच कपाट क्लबहाउसमधून खाली आणून तळमजल्यावर लिफ्टजवळ ठेवलं, कारण तिथे माणूस मिनिटभर उभा राहतोच. जिन्याची वाट अडणार नाही एवढं बघितलं, भिंतीपासून चार बोटं सोडलं, आणि दारं व कुलूप काढून टाकलं. एका वेळी फक्त वीस पुस्तकं, मुखपृष्ठ समोर करून. दर महिन्याला वीस बदलतात. नोंदवही नाही, प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असते, तिच्यावर घरक्रमांक लिहून ती शेजारच्या डब्यात टाकायची आणि परत आणल्यावर काढून घ्यायची. आत्तापर्यंत तीन पुस्तकं आलेली नाहीत. कुणाच्या तरी घरी असतील. त्यासाठी कुलूप परत लावायला मी तयार नाही. देणगी आता अशी घेतो की जे पुस्तक तुम्ही स्वतः वाचलंत आणि शेजाऱ्याला आग्रहाने द्याल तेच द्या, एका वेळी एकच, आणि ते का द्यावंसं वाटलं ते एका ओळीत लिहून आत ठेवा.

तू वाचक मंडळाबद्दलही विचारलं आहेस. महिनाभर आधी पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचून यायचं, मग चर्चा, हे आम्ही एकदाच केलं. नऊ जण आले, दोघांनी वाचलं होतं, उरलेले सात गप्प बसले आणि पुन्हा आले नाहीत. मग लक्षात आलं की आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागायची तेव्हा कोण वाचून यायचं? एक वाचायचा, बाकीचे वाती वळत ऐकायचे. आम्ही तेच धरलं. शनिवारी साडेसहाला, बागेतल्या बाकांवर, एक जण एक लेख मोठ्याने वाचतो. सावकाश वाचलं तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात, म्हणजे अंकातली पाच-सहा पानं वीस मिनिटांत. मग वीस मिनिटं गप्पा. सात वाजून दहा मिनिटांनी उठायचंच, कुकर लावायचे असतात. 'कसं वाटलं' असं विचारायचं नाही, त्यावर सगळे 'छान' म्हणतात आणि विषय संपतो. 'तुमच्या गावी विहीर कुठे होती', 'तुमच्या घरी हे कोण करायचं' असं काहीतरी लेखातलं धरून विचारलं की माणसं बोलायला लागतात. मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेले दोन आजोबा आता दर शनिवारी येतात.

पावसाळ्यात आम्ही ही बैठक एकेकाच्या घरी नेली आणि ती जवळजवळ बंद पडली. पहिल्या घरी चहा झाला, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी साबुदाणा वडे, आणि चौथ्या घराने पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. तुझी ती व्यायामशाळेजवळची खोली आहे ना, ती यासाठी वापर. पावसाळ्यात बसायला जागा, आणि खायला काही नाही.

जे जमलं नाही तेही सांगतो. आमच्याकडे बारा-तेरा घरं मराठी न वाचणारी आहेत, गुजराती आणि दाक्षिणात्य. त्यांच्यासाठी अंकांच्या फेरीत काहीच नव्हतं आणि त्यांना बाहेर ठेवल्यासारखं वाटलं, ते बरोबरच होतं. लिफ्टजवळच्या वीस पुस्तकांत आता पाच हिंदी-इंग्रजी असतात, एवढंच सध्या झालं आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी वाचता येतं, पण इतकं सावकाश की दुसऱ्या ओळीवर पहिली विसरते. मुलांचे अंक पिशवीतून तसेच परत यायचे. त्यांना आधी मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका बुधवारी ते करतात, सहा मुलं येतात. त्याच मुलांनी नंतर तो अंक स्वतः मागून नेला असं दोनदा झालं आहे, दोनदाच.

तुझ्या हाताशी एक गोष्ट आहे जी माझ्याकडे इतकी जवळ नाही. नाशकातच कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे, आणि विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना तिथलीच. देणगीतून तयार केलेली शंभर पुस्तकांची पेटी एखाद्या गटाकडे येते, काही महिने राहते आणि मग तिच्या जागी दुसरी येते. पेटी परत जाणार असते हेच तिचं बळ, म्हणून ती शिळी होत नाही आणि कुणाच्या गाईडांची तिच्यात भर पडत नाही. तिची चौकशी जरूर कर, पण ती जूनमध्ये आण, अंकांची फेरी झाल्यावर. आज आणलीस तर तुझ्या सोसायटीत ती उघडून निवडणारे दहाच जण असतील आणि पेटी त्यांच्यातच फिरेल. सात-आठ जण खरे भूक असलेले असतील, त्यांना आत्ताच सार्वजनिक वाचनालयाचं सभासद कर. १८४० पासूनची संस्था शहरात असताना त्यांची भूक तुझ्या एका खोलीने भागणार नाही, आणि ती भागवायच्या प्रयत्नात न वाचणाऱ्यांसाठी करायचं राहून जाईल.

१५ ऑक्टोबरचा कार्यक्रम रद्द करू नकोस, अध्यक्षांना ते जड जाईल. त्या संध्याकाळी खोलीत सतरंजी घाल आणि एक लेख मोठ्याने वाच. फीत कापायची ती पहिल्या पिशवीची कापा. तोपर्यंत घरं ठरलेली हवीत, म्हणजे घटस्थापनेच्या आठवड्यात दारोदार फिरायला लाग. विक्रेत्याला यादी दसऱ्याच्या आत दे, चांगले अंक नंतर मिळत नाहीत. पाचही इमारतींत मिळून चाळीस घरं होतील असं म्हणालास, तर पाच आठांच्या साखळ्या होतात, पण चाळीस आठवडे ओढू नकोस. दोन फेरे कर, सोळा आठवडे, आणि थांब. लोकांना अजून हवं असताना थांबलेलं बरं.

कोणत्या इमारतीत किती मजले, एका मजल्यावर किती घरं आणि कुठल्या घरी कुणी एकटं राहतं, एवढं मला लिहून पाठव. पिशव्यांचा क्रम मी लावून देतो. एकटं राहणारं माणूस दोन गजबजलेल्या घरांच्या मध्ये यायला हवं, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी कुणी दाराशी येईल.

वहिनींना नमस्कार. चिन्मयीला सांग की मुलांच्या फेरीचं काम तिचं.

तुझा,
शरद